हेडबाईंची एक ओळ

हेडबाई शाळेत कधी शिकवायला नव्हत्या. त्या प्रोग्रॅमर होत्या, सव्वीस वर्षं. पण दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तो नापास वह्यांचा गठ्ठा उचलणाऱ्या मुख्याध्यापिकेचा असायचा, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही, कारण मनातून त्यांना ते आवडायचं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती दुसऱ्या मजल्यावर थांबून विचार करायची, म्हणून सगळे जिन्याने यायचे. रक्ततपासणीच्या लॅबोरेटरींसाठी तिथे सॉफ्टवेअर बनायचं: कुठली बाटली कुणाची, कुठे पोचली, रिपोर्ट कधी निघाला. एका लांबट खोलीत तेरा टेबलं, खिडकीला कधी न उघडणारा पडदा, आणि कोपऱ्यात चहाचं मशीन, जे चहा सोडून दुसरं काहीतरी गरम द्यायचं. या तेरांतलं एक टेबल वेगळं होतं. त्याला पाठीमागे भिंत होती आणि समोर सगळी खोली. ते टीमलीडचं टेबल. हेडबाईंचं सगळं दुखणं तिथेच होतं.

त्या टेबलावर शॉर्टकट बसायचा.

शॉर्टकट हेही टोपणनावच, आणि ते हेडबाईंनी ठेवलेलं. बारा वर्षांपूर्वी तो नवा आला तेव्हा त्याला साधं लूप नीट लिहिता येत नव्हतं, ते त्यांनी शिकवलं. वर्षभरात त्याने लॉम्बॉक आणलं. हे लॉम्बॉक म्हणजे काय, तर जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रत्येक माहितीच्या कप्प्याला ती माहिती वाचायची एक मेथड, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, आणि बदलायची एक मेथड लिहावी लागते. गेटर आणि सेटर. शंभर कप्पे, तर दोनशे मेथड. काम गाढवाचं, पण हेडबाईंनी ते दहा वर्षं हातांनी केलं होतं, एकही न चुकता. लॉम्बॉक म्हणतं, हे कप्पे ज्यात असतात त्या क्लासच्या डोक्यावर तुम्ही एक खूण करा, ह्या सगळ्या मेथड मी कंपाइल होताना, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरताना, आपोआप घालतो. फाइलमध्ये काही दिसत नाही, पण मेथड असतात. शॉर्टकटने तीनशे ओळींचा क्लास बारा ओळींचा करून दाखवला आणि कंपनीचे साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायचेच बाकी राहिले. हेडबाईंनी विरोधात चौदा पानी टिपण लिहिलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोडवर विसंबू नये, असा त्याचा सारांश. साहेबांनी ते पहिल्या पानापर्यंत वाचलं आणि टीमलीडचं टेबल शॉर्टकटला दिलं.

तेव्हापासून अकरा वर्षं त्या या माणसाला पाण्यात पाहत होत्या. त्यांच्या मते तो पाट्या टाकणारा होता, साहेब बिनडोक होते, आणि बाकीची टीम म्हणजे खूण करून फुकटचं खायला सोकावलेली जमात. हे मत त्या लपवत नसत. कुणी चुकलं तर त्या रागवायच्या नाहीत. नुसत्या हसायच्या, आणि त्या हसण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

लॅबवाल्यांच्या सुरक्षा तपासणीसाठी जावाची नवी आवृत्ती घालायची, असं साहेबांनी एका मंगळवारी ठरवलं. पुढच्या बुधवारी तपासणी. शॉर्टकट म्हणाला, "त्यात काय, आकडा बदलायचा." त्याने आकडा बदलला आणि दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी, सगळा कोड जोडून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या बिल्डने शंभर चुका ओकल्या.

सगळ्या एकाच जातीच्या. अमुक गेटर सापडत नाही. तमुक सेटर सापडत नाही. लॉम्बॉकने ज्या ज्या मेथड घालायच्या, त्यांतली एकही घातलेली नव्हती. आणि लॉम्बॉक चाललं नाही, असं मात्र कुठे लिहून आलेलं नव्हतं. कंपायलर बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता की मेथड नाहीत. का नाहीत ते त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं.

"माझ्याकडे चालतंय," शॉर्टकट स्वतःच्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला.

चालणारच होतं. त्याचा कोड लिहायचा एडिटर कंपायलरला बोलावताना लॉम्बॉकचं नाव स्वतःहून सांगायचा. बिल्ड मशीन सांगत नव्हतं. पण एवढा फरक त्याच्या लक्षात आला असता तर तो शॉर्टकट कशाला झाला असता? त्याने लॉम्बॉकची ताजी आवृत्ती घातली. काही नाही. कॅशे पुसली. काही नाही. मशीन बंद करून चालू केलं, जसा एखादा रेडिओवर थाप मारतो. मग इंटरनेटवर शोध घेतला आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचे सल्ले एकेक करून पाळले. हेडबाई आपल्या टेबलावरून हे सगळं बघत होत्या. त्यांना इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

गुरुवारी शॉर्टकटने डोकं चालवलं. "शंभरच चुका आहेत ना? तेवढ्या मेथड तात्पुरत्या हातानेच लिहून टाकू." चौघे बसले आणि दुपारी दोनपर्यंत त्यांनी त्या शंभरही मिटवल्या. बिल्ड पुन्हा चालवला. पुन्हा शंभर चुका.

चौघांचीही तोंडं बघण्यासारखी झाली. एकाला वाटलं आपलं काम सेव्हच झालं नाही. दुसऱ्याने चुका पुन्हा मोजल्या. हेडबाईंना हसू आवरेना. कंपायलर शंभर चुकांवर थांबतो. त्यापुढच्या दाखवायचे तो कष्ट घेत नाही. खऱ्या चुका कदाचित नऊ हजार असतील. हे कुठल्याही जुन्या माणसाला ठाऊक असायला हवं, पण जुनं माणूस त्या खोलीत एकच होतं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मग मात्र त्यांना स्वतःलाच राहवेना. घोडं पेंड कुठे खातंय ते न कळता घरी जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुपारी साडेतीनला त्यांनी नव्या जावाबरोबर येणारी बदलांची यादी उघडली, जी या खोलीत कुणी कधी उघडली नव्हती, आणि वरून खाली वाचत गेल्या. चार वाजायच्या आत ते सापडलं.

आजवर कंपायलर स्वतःच आजूबाजूला पडलेल्या लायब्ररी चाचपून बघायचा. लॉम्बॉकसारखा खुणा वाचणारा अ‍ॅनोटेशन प्रोसेसर दिसला की न सांगता चालवायचा. नव्या आवृत्तीने हा अगाऊपणा बंद केला होता. कुणी न सांगता कुठलाही कोड कंपाइल होताना चालू नये, हा हेतू. आता सांगितलं तरच चालेल. ‘प्रॉक फुल’ एवढा एक पर्याय बिल्डच्या फाइलमध्ये लिहिला की सगळं पूर्ववत. वर गंमत अशी की जुनी आवृत्ती गेली दोन वर्षं प्रत्येक बिल्डमध्ये, रोज, न चुकता सूचना छापत होती: पुढे हे आपोआप होणं बंद होऊ शकतं, आत्ताच स्पष्ट लिहून ठेवा. दोन वर्षांत ती सूचना शेकडो वेळा छापली गेली असेल. वाचणारा एक नव्हता.

हेडबाईंनी आपल्या मशीनवर ती ओळ घातली. बिल्ड चालवला. एकही चूक नाही. त्यांनी ती ओळ पुसली, स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि घड्याळ पाहिलं. अर्धा तास लागला होता.

त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना "आता हे अक्षर दिसतंय का" विचारून त्याला एक प्रकारची शांतता आली होती.

"मग सांगून टाकलंस?" त्याने विचारलं.

"कुणी विचारलंय मला?"

"अगं, विचारायला त्यांना माहीत तर हवं तुला ठाऊक आहे ते."

"अकरा वर्षं त्या टेबलावर बसलाय ना तो? मग त्याने शोधावं. वाचता येतं त्याला." त्यांनी पोळी वाढून घेतली. "सोमवारी बघू."

नवऱ्याने भाताकडे मोर्चा वळवला. त्याला बायकोचा ‘बघू’ ओळखीचा होता.

शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. साहेबांना जावा येत नव्हती, पण घाबरणं उत्तम येत होतं. शॉर्टकटचा चेहरा उतरलेला. साहेब म्हणाले, "तू सोमवार सकाळपर्यंत लॉम्बॉक चालवून दाखव. नाही जमलं तर ते काढायचं, कायमचं. आणि काढायला आजपासूनच सुरुवात करायची, थांबायला वेळ नाही." मग ते हेडबाईंकडे वळले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज विनवणीचा होता. "तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. हे काम तुम्ही हातात घ्या. सगळी टीम तुमच्या हाताखाली. सोमवारी हेच करायचं ठरलं, तर पुढेही टीम तुमच्याचकडे."

म्हणजे ते टेबल. भिंत पाठीशी आणि खोली समोर.

एक ओळ त्यांच्या जिभेच्या टोकावर होती. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, साहेब."

शनिवार आणि रविवार बारा माणसं त्या खोलीत बसली. साडेसहाशे क्लास. एडिटर बटण दाबून गेटर बनवून देतो, हे खरं. पण प्रत्येक क्लास उघडायचा, खूण काढायची, कुठल्या मेथड हव्यात ते बघायचं, दोन वस्तू सारख्या आहेत का ते ठरवणारी मेथड जपून लिहायची, ही वेठ चुकत नव्हती. एकाने भीत भीत सुचवलं की लॉम्बॉकबरोबरच एक साधन येतं, ते सगळा लपलेला कोड आपोआप उलगडून देतं. "ते जे उलगडतं, ते माणसाने वाचायच्या लायकीचं नसतं," हेडबाई म्हणाल्या. तो पुन्हा टंकायला लागला. हेडबाई सगळ्यांच्या मागून फिरत होत्या, वाकून बघत होत्या. हो-नाहीच्या एका कप्प्याला कुणीतरी ‘गेट’ लावलं होतं, जिथे लॉम्बॉक ‘इज’ लावत असे. रिपोर्ट तयार आहे की नाही हे विचारणारा सगळा कोड तिथे अडला असता. त्यांनी ते बोट ठेवून दाखवलं आणि हसल्या. इतका नेटका रविवार त्यांनी पाहिला नव्हता. कुणी गप्पा मारत नव्हतं, कुणी फोन बघत नव्हतं. फक्त टकटक टकटक.

मध्येच केव्हातरी त्यांना वाटायचं की हे आपण काय चालवलंय. पण लगेच दुसरा विचार यायचा: अकरा वर्षं फुकटचं खाल्लंय, दोन दिवस टंकू देत. बोटांना जरा वळण लागेल.

टेस्टिंगवालीसुद्धा आली होती. या खोलीत हेडबाईंचं जिच्याशी जमायचं अशी ती एकटीच. दुपारचा डबा दोघी एकत्र खायच्या. ती त्यांना ताई म्हणायची. तिला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं, पण माणसं कमी पडत होती म्हणून शॉर्टकटने तिलाही एडिटर उघडून दिला होता. तिच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन होऊन दहाच दिवस झाले होते. त्यांना शेजारणीच्या भरवशावर सोडून ती दोन्ही दिवस आली.

"जमेल ना ताई बुधवारपर्यंत?" तिने रविवारी डबा उघडताना विचारलं.

"जमवायचं," हेडबाई म्हणाल्या. "तू आलीस ते बरं झालं."

सोमवारी दहा वाजता मीटिंग. सगळ्यांचे डोळे सुजलेले. साडेसहाशेपैकी दोनशे नव्वद क्लास झाले होते आणि बिल्ड अजूनही शंभर चुकाच दाखवत होता. शॉर्टकट उभा राहिला. शनिवारी-रविवारी तोही घरी गेला नव्हता फारसा. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच असावा. कुणालाही त्याची कीव आली असती. हेडबाईंना आली नाही.

"लॉम्बॉक नाही चालत," तो म्हणाला. "मी सगळं करून पाहिलं. नव्या जावाने अ‍ॅनोटेशन प्रोसेसिंगच काढून टाकलंय. आता जगात कुणाचंच चालणार नाही. सगळ्यांनाच हाताने लिहावं लागेल."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना यातला एक शब्द कळला नव्हता, पण वाक्य शेवटचं वाटलं. ते हेडबाईंकडे वळले. "बरोबर आहे ना हे? तुम्ही हो म्हणालात की विषय संपला. आजपासून टीम तुमची."

नुसती मान हलवायची होती. बोलायचीही गरज नव्हती. मान हलली असती तर दुपारपर्यंत त्यांचा कॉम्प्युटर त्या टेबलावर गेला असता, आणि शॉर्टकटचा चहाच्या मशीनजवळच्या कोपऱ्यात. आणि हेडबाईंनी हलवलीही असती. चार दिवस त्या याच क्षणासाठी गप्प होत्या. पण ‘काढून टाकलंय’. ‘जगात कुणाचंच’. इतका अडाणीपणा, इतक्या आत्मविश्वासाने, भर मीटिंगमध्ये, आणि त्यावर आपण मान हलवायची? म्हणजे हे आपलंही मत आहे असं लोक समजणार? सव्वीस वर्षं जिने चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण केली नाही, ती बाई आज या गाढवाच्या उत्तरावर करणार?

"मूर्खासारखं बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"काढून वगैरे काही टाकलेलं नाही. फक्त आपोआप चालणं बंद केलंय. पूर्वी कंपायलर स्वतः शोधायचा, आता सांगावं लागतं. प्रॉक फुल. एक ओळ आहे. बिल्डच्या फाइलमध्ये, कंपायलरच्या पर्यायांत. लिही."

त्या उठून फळ्याजवळसुद्धा गेल्या. जुनी आवृत्ती काय करायची, नवी काय करते, एडिटरमध्ये का चालत होतं, शंभरच चुका का दिसतात, सगळं खडखडीत सांगितलं. आवाज चढत गेला, गाल तापले. कुणीतरी शेवटी त्यांचं ऐकत होतं. शॉर्टकटने सांगितल्याप्रमाणे मूळ कोडवर ती ओळ घातली. त्याचा स्क्रीन भिंतीवर दिसतच होता. बिल्ड चालू झाला. दोन मिनिटं कुणी हललं नाही. मग हिरवं आलं. एकही चूक नाही.

कुणीतरी "च्यायला!" म्हणालं आणि हशा पिकला. साहेबांनी शॉर्टकटच्या पाठीवर थाप मारली, का ते त्यांचं त्यांनाच माहीत. शॉर्टकट खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो रडत होता की हसत होता ते समजेना. टेबल त्याचंच राहणार हे त्या पाठीवरच्या थापेतच ठरून गेलं होतं. हेडबाईंना तेही दिसलं, आणि क्षणभर त्याचंही काही वाटलं नाही. उत्तर बरोबर आलं होतं.

"ताई," टेस्टिंगवाली म्हणाली. "तुम्हाला कधी कळलं हे?"

आत्ता सकाळी, असं म्हणता आलं असतं. काल रात्री म्हटलं तरी खपलं असतं. कुणी पुरावा मागणार नव्हतं. पण हेडबाई अजून फळ्यापाशीच होत्या, अजून शिकवत होत्या.

"गुरुवारी," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासात. बदलांची यादी नुसती वाचली असतीत तर..."

वाक्य तिथेच राहिलं. हशा थांबला होता. बारा माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि प्रत्येक जण मनातल्या मनात मोजत होता. गुरुवार. शुक्रवार. शनिवार. रविवार. हिशेब कुणालाच अवघड नव्हता.

"माझ्या मागे उभ्या होतात तुम्ही," एक जण म्हणाला. "काल. मी तो ‘इज’ चुकवला तेव्हा." त्याचा आवाज चढलासुद्धा नाही.

"मला कुणी विचारलं नव्हतं," हेडबाई म्हणाल्या. घरी हे वाक्य बरं वाटलं होतं. इथे ते कुणी ऐकूनही घेतलं नाही.

टेस्टिंगवाली उठली. तिने आपली पर्स उचलली, खुर्ची नीट आत सरकवली.

"काल शेजारीण दोन तासांत निघून गेली, ताई," ती म्हणाली. "बाबांना एकट्याला उठता येत नाही. मी सात वाजता पोचले तेव्हा ते ओल्या अंथरुणात पडले होते, आणि माझी माफी मागत होते. मी त्यांना म्हटलं, बाबा, काम फार महत्त्वाचं होतं, इलाजच नव्हता."

ती चिडलेली नव्हती. ती हेडबाईंकडे नुसती बघत होती, जसं एखादी वस्तू बिनकामाची निघाल्यावर बघतात, आणि मग तेवढंही बघायचं तिने सोडलं.

"ते दोन दिवसांचं काम पुसायचं ना, साहेब?" शॉर्टकटने विचारलं.

"पुसून टाक," साहेब म्हणाले.

भिंतीवर ते सगळ्यांनी बघितलं. दोनशे नव्वद क्लास एका झटक्यात गेले. मग एकेक करून माणसं आपापल्या टेबलाशी गेली, टेस्टिंगवाली वडिलांकडे घरी गेली, आणि हेडबाईंनी फळा पुसला, कारण तेवढंच काम त्यांच्या हाती उरलं होतं.